पोटात घडणारे वृषण आणि त्याची खाली उतरण्याची वाट

पुरुषाच्या वृषणाला मार लागला तर कळ फक्त तिथेच थांबत नाही. ती पोटात चढते, मळमळ होते, बेंबीच्या आसपास पिळवटल्यासारखे वाटते. उलट मूत्रपिंडातला खडा मूत्रनलिकेत सरकू लागला, की कमरेत सुरू झालेली कळ जांघेतून त्याच बाजूच्या वृषणापर्यंत उतरते. दोन मांड्यांच्या मध्ये असलेल्या या अवयवाचा पोटाशी इतका जवळचा संबंध कसा, याचे उत्तर त्याच्या रक्तवाहिन्यांत सापडते. वृषणाची धमनी मांडीकडे जाणाऱ्या जवळच्या मोठ्या धमनीतून निघत नाही. ती पोटाच्या मागच्या भिंतीवर, महाधमनीपासून, मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या जरा खालून निघते आणि तिथून जांघेपर्यंतचे सगळे अंतर कापत खाली येते. वृषणातला लसीकाद्रवही जांघेतल्या गाठींकडे जात नाही; तो पुन्हा वर, महाधमनीच्या कडेला असलेल्या गाठींकडे वाहतो.

याचे कारण सरळ आहे. वृषण अंडकोशात तयार होतच नाही. ते गर्भाच्या पोटात, मूत्रपिंडाच्या शेजारी घडते आणि जन्माच्या आधी खाली उतरते. उतरताना आपल्या धमन्या, शिरा, चेता सगळे सोबत घेऊन येते.

पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या १०० मुलांपैकी साधारण तिघांमध्ये जन्माच्या वेळी हा प्रवास पुरा झालेला नसतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण १०० मागे ३० पर्यंत जाते. पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच मुलांची वृषणे आपोआप उतरतात आणि वर्षाच्या आसपास हे प्रमाण १०० मागे एकावर येते. घरात याला ‘गोटी वर आहे’ किंवा ‘एक गोटी उतरली नाही’ असे म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर ‘अनडिसेंडेड टेस्टिस’ किंवा नुसते ‘यूडीटी’ असे लिहिलेले असते. उपचार कधी करायचा, सोनोग्राफीचा उपयोग का होत नाही, शस्त्रक्रियेत नेमके काय कापतात, हे सगळे कळण्यासाठी आधी ती वाट समजून घ्यावी लागते.

गर्भधारणेच्या पाचव्या आठवड्यात गर्भाच्या पोटाच्या मागच्या भिंतीवर, कण्याच्या दोन्ही बाजूंना, एकेक उभा उंचवटा दिसू लागतो. हीच भावी जननग्रंथी. मात्र ज्या पेशींपासून पुढे शुक्राणू किंवा स्त्रीबीजे होणार, त्या पेशी या उंचवट्यात जन्मत नाहीत. त्या गर्भाबाहेरच्या पीतक पिशवीच्या भिंतीत असतात. तिथून त्या आतड्याच्या कडेकडेने स्वतः सरकत येतात आणि सहाव्या आठवड्यात उंचवट्यात शिरतात. या टप्प्यावर मुलगा आणि मुलगी यांच्या जननग्रंथींत काहीही फरक दिसत नाही. दोघांकडेही नळ्यांच्या दोन-दोन जोड्या असतात. वोल्फियन नळ्यांपासून पुरुषाची शुक्रवाहिनी होऊ शकते, म्युलेरियन नळ्यांपासून स्त्रीचे गर्भाशय आणि बीजनलिका. दोन्ही शक्यता खुल्या असतात.

पुरुषाच्या वाय गुणसूत्रात कुठेतरी निर्णयाचा दुवा आहे, हे बरीच वर्षे माहीत होते, पण नेमके जनुक सापडत नव्हते. १९९० मध्ये लंडनमधल्या अँड्र्यू सिंक्लेअर, पीटर गुडफेलो, रॉबिन लोव्हेल-बॅज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाय गुणसूत्राच्या आखूड बाजूवर एसआरवाय हे जनुक शोधून काढले. पुढच्याच वर्षी याची कसोटी लागली. दोन एक्स गुणसूत्रे असलेल्या, म्हणजे एरवी मादी झाल्या असत्या अशा उंदरांच्या भ्रूणांत हे एकच जनुक घालण्यात आले आणि त्यांतल्या काहींमध्ये वृषणे तयार झाली. अख्ख्या वाय गुणसूत्राची गरज पडली नाही.

मानवी गर्भात एसआरवाय थोडा काळच, सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास काम करते. ते एसओएक्स-९ या दुसऱ्या जनुकाला जागे करते आणि उंचवट्यातल्या काही पेशी सर्टोली पेशी होतात. या पेशी जननपेशींना चहूबाजूंनी वेढून घेतात आणि त्यांचे दोर तयार होतात. वृषणातल्या शुक्रनलिकांची ही सुरुवात. मुलीच्या गर्भात एसआरवाय नसते, पण म्हणून तिथे काहीच घडत नाही असे नाही. अंडाशय घडवणारी जनुके वेगळी आहेत आणि त्यांचेही काम तेवढेच नेमके असते.

एकदा वृषण ठरले, की पुढचे बहुतेक सगळे त्याच्या स्रावांवर चालते. हे दाखवून दिले फ्रान्सच्या आल्फ्रेड जोस्ट यांनी. १९४० च्या दशकात त्यांनी सशाच्या मादीच्या पोटातल्या गर्भांवर शस्त्रक्रिया करून त्यांच्या जननग्रंथी काढून टाकल्या. ज्यांच्या ग्रंथी वेळेआधी काढल्या, त्या सगळ्या गर्भांत, नर असोत की मादी, स्त्रीच्या नळ्याच वाढल्या. नुसते पुरुषी संप्रेरक दिल्यावर पुरुषाच्या नळ्या टिकल्या, पण स्त्रीच्या नळ्या नाहीशा झाल्या नाहीत. याचा अर्थ वृषणातून निदान दोन वेगळे स्राव येत असले पाहिजेत. जोस्ट यांचे अनुमान बरोबर ठरले. सर्टोली पेशींचा म्युलेरियन-विरोधी स्राव गर्भाशयाच्या नळ्या विरघळवतो. शेजारच्या लायडिग पेशी आठव्या आठवड्यापासून टेस्टोस्टेरॉन बनवतात आणि त्यावर शुक्रवाहिनी टिकते. अंडकोशाची पिशवी आणि शिश्न यांच्या वाढीसाठी हेच टेस्टोस्टेरॉन आणखी तीव्र रूपात बदलावे लागते.

लायडिग पेशींतून आणखी एक संप्रेरक स्रवते. त्याचे नाव इन्सुलिनवर्गीय संप्रेरक ३, थोडक्यात आयएनएसएल-३. वृषणाच्या प्रवासाचा पहिला टप्पा याच्या हाती असतो.

वृषणाच्या खालच्या टोकापासून जांघेपर्यंत गर्भात एक मऊ, जाड दोरी गेलेली असते. १७६२ मध्ये जॉन हंटर या स्कॉटिश शल्यविशारदाने मानवी गर्भांची विच्छेदने करून तिचे तपशीलवार वर्णन केले आणि तिला गुबर्नॅक्युलम हे नाव दिले. वृषण कुठे होते, कोणत्या महिन्यात कुठे पोहोचले, त्याच्यासोबत पोटाचे अस्तर कसे खाली येते, हे त्याने डोळ्यांनी पाहून लिहिले. दोरी म्हटले की ती वृषणाला खाली ओढत असेल असे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्यात ओढाताण फारशी नसते.

साधारण आठव्या ते पंधराव्या आठवड्यात आयएनएसएल-३ मुळे गुबर्नॅक्युलमचे खालचे टोक फुगते, जाड आणि आखूड राहते. त्यात नाळेतल्या जेलीसारखाच द्रव भरतो. याच काळात गर्भाचे पोट झपाट्याने लांबत असते. मुलीच्या गर्भात ही दोरी फुगत नाही, ती बारीक होऊन लांबत जाते आणि अंडाशय वरच्या बाजूला राहते. मुलाच्या गर्भात वृषण या जाड दोरीमुळे जांघेजवळ धरून ठेवले जाते. पोट वर वाढत जाते आणि वृषण मात्र तिथेच राहते. म्हणजे पंधराव्या आठवड्यात वृषण जांघेच्या आतल्या दाराशी दिसते, ते बरेचसे न हलल्यामुळे. १९९९ मध्ये ज्या उंदरांत आयएनएसएल-३ चे जनुक निकामी केले, त्यांची दोन्ही वृषणे पोटातच वर राहिली.

मग जवळपास अडीच महिने काही घडत नाही.

दुसरा टप्पा पंचविसाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो आणि पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत चालतो. आता खरे स्थलांतर होते. गुबर्नॅक्युलमचे टोक जांघेच्या भिंतीतून बाहेर पडते आणि जघनास्थी ओलांडून अंडकोशाकडे वाढत जाते. त्याच्या आत पोटाच्या अस्तराची, म्हणजे पेरिटोनियमची, एक पिशवी शिरत जाते. वृषण या पिशवीच्या मागच्या बाजूला चिकटलेले असते आणि तिच्यासोबत खाली सरकते. हा टप्पा टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असतो. पोटातल्या दाबाचीही मदत होते. कमी दिवसांच्या बाळांमध्ये वृषणे वर का सापडतात, हे यावरून कळते. तीसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचा दुसरा टप्पा अर्धाच झालेला असतो. त्यात बिघाड काही नसतो, वेळ पुरा झालेला नसतो.

हे दोन टप्पे खरोखर वेगळे आहेत याचा पुरावा काही व्यक्तींच्या शरीरातच दिसतो. एक्स-वाय गुणसूत्रे आणि वृषणे असूनही ज्यांच्या पेशी टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नाहीत, त्यांची बाह्य शरीररचना मुलीची असते. त्यांची वृषणे पोटाच्या तळाशी किंवा जांघेत येऊन थांबलेली सापडतात. पहिला टप्पा झालेला असतो, दुसरा अडलेला. काही वेळा लहान मुलीचा जांघेतला हर्निया दुरुस्त करताना त्यात वृषण दिसते आणि तेव्हाच या अवस्थेचे निदान होते.

जांघेची भिंत तीन थरांची आहे आणि वृषण तिच्यातून तिरपे जाते. आतल्या दारातून शिरायचे, स्नायूंमधल्या चिंचोळ्या बोगद्यातून पुढे यायचे आणि बाहेरच्या दारातून निघायचे. प्रत्येक थर आपले एकेक आवरण वृषणाच्या दोरावर चढवतो. मधल्या स्नायूच्या थरातून आलेल्या आवरणात स्नायूचे तंतू असतात. त्यांना क्रीमास्टर म्हणतात. थंडी लागली, भीती वाटली किंवा मांडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवले, की हा स्नायू आखडतो आणि वृषण वर खेचले जाते. ही गोष्ट पुढे निदानात फार महत्त्वाची ठरते.

पोटाच्या अस्तराची जी पिशवी खाली आली, तिचे काम संपल्यावर तिची वरची नळी बंद व्हायला हवी. फक्त वृषणाभोवतीचा खालचा भाग शिल्लक राहतो. नळी उघडी राहिली आणि तिच्यातून पोटातले पाणी उतरले, तर हायड्रोसील होतो. आतडे उतरले तर हर्निया. न उतरलेल्या वृषणासोबत ही नळी बहुतेक वेळा उघडीच असते. म्हणून ‘गोटी वर’ असलेल्या मुलाच्या जांघेत रडताना फुगवटा दिसला, तर तो वेगळा आजार नसतो. अपुऱ्या राहिलेल्या त्याच प्रवासाचा तो दुसरा भाग असतो.

वाटेत कुठेही वृषण अडू शकते. काहींचे पोटात राहते, काहींचे बोगद्यात. सर्वात जास्त वेळा ते बाहेरच्या दाराच्या आसपास, त्वचेखाली सापडते. क्वचित ते दारातून बाहेर तर पडते पण वाट चुकते आणि मांडीच्या वरच्या भागात किंवा गुदद्वाराच्या पुढच्या जागेत जाऊन बसते. डॉक्टर तपासतात तेव्हा पाचपैकी साधारण चार मुलांचे वृषण बोटांना लागते. उरलेल्या एकाचे लागत नाही.

वृषण वर राहिले तर बिघडते काय? अंडकोशातले तापमान शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असते. पातळ, चरबी नसलेली त्वचा आणि खाली जाणाऱ्या धमनीला वेढून असलेले शिरांचे जाळे मिळून हा थंडावा टिकवतात. वर येणारे गार रक्त खाली जाणाऱ्या गरम रक्ताची उष्णता काढून घेते. शुक्राणू तयार व्हायला हा थंडावा लागतो हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. म्हणून वयात येईपर्यंत थांबले तरी चालेल, असा समज होतो. नुकसान मात्र फार आधी सुरू होते.

जन्मानंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांत मुलाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन पुन्हा एकदा वाढते आणि सहा महिन्यांपर्यंत खाली जाते. याच काळात गर्भातून आलेल्या मूळ जननपेशींचे रूपांतर शुक्राणूंच्या कायमच्या मूळपेशींमध्ये होते. हे साधारण तिसऱ्या ते नवव्या महिन्यात घडते. उष्ण जागी अडकलेल्या वृषणात हे रूपांतर नीट होत नाही; पेशी मरतात, तर काही जुन्याच रूपात रेंगाळतात. पहिल्या वाढदिवसानंतर अशा वृषणातल्या जननपेशी हळूहळू घटत जातात. संप्रेरकाची ही दुसरी लाट ओसरली, की वृषण आपोआप उतरण्याची शक्यताही जवळपास संपते. सहा महिने ही मर्यादा या दोन कारणांतून आलेली आहे.

एक नेहमी दिसणारे उदाहरण टप्प्याटप्प्याने पाहू. बाळ ३२ व्या आठवड्यात जन्मले, म्हणजे आठ आठवडे आधी. जन्माच्या वेळी डावे वृषण अंडकोशाच्या तोंडाशी, उजवे बोटांना लागत नाही. अशा वेळी काहीही न करता नोंद ठेवणे हाच योग्य उपाय. साडेतीन महिन्यांच्या डोसाला बाळ केंद्रात येते तेव्हा डावे नीट उतरलेले असते, उजवे जांघेत हाताला लागते. कागदावर वय १४ आठवडे असले तरी लवकर जन्माचे आठ आठवडे वजा केल्यावर ते जेमतेम दीड महिन्याचे ठरते. अजून थांबता येते. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेला लशीला बाळ पुन्हा येते. वजाबाकी करून वय सात महिने. उजवे वृषण अजूनही जांघेतच. आता थांबण्यात अर्थ नाही. बाळाला बालशल्यचिकित्सकाकडे पाठवायला हवे.

तिथे पहिली तपासणी हातांची असते. खोली उबदार हवी, हात कोमट हवेत, बाळ शांत हवे. डॉक्टर कमरेच्या हाडापासून जघनास्थीकडे बोटे बोगद्याच्या दिशेने सरकवत आणतात आणि दुसऱ्या हाताने वृषण पकडतात. मग ते हलकेच अंडकोशात आणून थोडा वेळ धरतात आणि सोडून देतात. सोडल्यावर ते तिथेच थांबले, तर प्रवास पुरा झालेला आहे आणि क्रीमास्टर स्नायूच त्याला मधूनमधून वर खेचतो. ही चंचल गोटी विशेषतः दोन ते सात वर्षांच्या मुलांत दिसते. तिला शस्त्रक्रिया लागत नाही, दरवर्षी तपासणी लागते. सोडताच वृषण वर निसटले किंवा अंडकोशापर्यंत आलेच नाही, तर ते खरोखर न उतरलेले. आपल्या उदाहरणातले बाळ या दुसऱ्या गटात येते.

ही परीक्षा घरीही काही अंशी होते. तेल लावून ऊन पाण्याने न्हाऊ घालताना स्नायू सैलावतो. त्या वेळी दोन्ही गोट्या पिशवीत दिसत असतील आणि एरवी गायब होत असतील, तर आजीने सांगितलेली ही गोष्ट डॉक्टरांच्या फार उपयोगाची असते. न्हाऊ घालतानाही एक बाजू नेहमीच रिकामी आणि लहान दिसत असेल, तर तेही सांगायला हवे. मालिश करून वृषण उतरवता येत नाही आणि तसा प्रयत्न करू नये.

या टप्प्यावर बहुतेक पालक सोनोग्राफी करून आणतात. हाताला लागणाऱ्या वृषणासाठी तिची गरज नसते. हाताला न लागणाऱ्या वृषणासाठी ती भरवशाची नसते, कारण पोटातले लहानसे वृषण आतड्यांच्या मागे सहज सुटते. सोनोग्राफीत ‘दिसले नाही’ असे आले, तरी ते नाही असे सिद्ध होत नाही आणि पुढचा निर्णय बदलत नाही. वृषण उतरवण्यासाठी पूर्वी संप्रेरकाची इंजेक्शने दिली जात. त्यांचा परिणाम कमी आणि अनिश्चित असल्याने अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ती देऊ नयेत असे म्हटले आहे. त्याच सूचनांनुसार शस्त्रक्रिया सुधारित वयाच्या सहा महिन्यांनंतर आणि १८ महिन्यांच्या आत व्हावी.

शस्त्रक्रियेचे नाव ऑर्किडोपेक्सी. बाळाला पूर्ण भूल देतात. जांघेतल्या नैसर्गिक घडीत लहानसा छेद घेऊन बोगद्याची पुढची भिंत उघडतात. वृषण आपल्या पिशवीत दिसते. गुबर्नॅक्युलमचा उरलेला धागा कापून ते मोकळे करतात. यानंतरचे काम सर्वात नाजूक. पेरिटोनियमची उघडी राहिलेली नळी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ असते आणि शुक्रवाहिनी व रक्तवाहिन्या तिला चिकटलेल्या असतात. त्यांना धक्का न लावता ती नळी सोलून वेगळी करायची आणि पोटाच्या आतल्या दाराशी बांधून टाकायची. हर्नियाचा बंदोबस्त तेव्हाच होतो. शिवाय वृषणाच्या दोराला आखूड धरून ठेवणारी गोष्ट बहुतेक वेळा हीच नळी असते. ती सुटली की दोराची लांबी मिळते. मग अंडकोशाच्या त्वचेखाली एक कप्पा तयार करून वृषण कोणत्याही ताणाशिवाय त्यात बसवतात. ताण राहिला तर धमनी आवळली जाते आणि वृषण सुकू शकते. म्हणून शल्यचिकित्सक घाई करत नाहीत. बहुतेक बाळे त्याच दिवशी घरी जातात. काही महिन्यांनी वृषण जागेवर आहे ना आणि वाढते आहे ना, हे पुन्हा तपासतात.

वृषण हाताला लागतच नसेल, तर भूल दिल्यावर पुन्हा तपासतात. स्नायू सैल झाल्याने काही वेळा ते तेव्हा सापडते. तरीही न सापडल्यास बेंबीतून दुर्बीण पोटात घालतात. तिथे शल्यचिकित्सक आधी वृषण शोधत नाहीत, ते त्याच्या रक्तवाहिन्या शोधतात, कारण त्या महाधमनीकडून येतात आणि त्यांचा माग काढला की वृषणाची जागा कळते. रक्तवाहिन्या पोटातच संपलेल्या दिसल्या, तर वृषण गर्भातच, बहुधा पीळ पडून, नष्ट झालेले असते. त्या जांघेच्या दारातून बाहेर गेलेल्या असतील, तर जांघ उघडून पाहतात. वृषण पोटातच दिसले, तर ते खाली आणायचे.

अडचण अशी, की उंच अडकलेल्या वृषणाची मुख्य धमनी अंडकोशापर्यंत पोहोचण्याइतकी लांब नसते. १९५९ मध्ये मेलबर्नच्या फाउलर आणि स्टीफन्स यांनी यावर एक धाडसी मार्ग मांडला. वृषणाला रक्ताचा दुसरा पुरवठाही असतो; शुक्रवाहिनीसोबत कटीतून येणारी एक बारीक धमनी. त्यांनी मुख्य धमनी कापून वृषण या बारीक धमनीवर जगवले. आज हे बहुतेक वेळा दोन टप्प्यांत करतात. आधी मुख्य धमनी बांधायची, सुमारे सहा महिने थांबून दुसऱ्या धमनीला मोठे होऊ द्यायचे आणि मग वृषण उतरवायचे. तरीही काही वृषणे सुकतात. ही जोखीम पालकांना आधीच सांगायला हवी.

एका परिस्थितीत मात्र सहा महिने थांबणे धोक्याचे असते. मुलगा दिसणाऱ्या नवजात बाळाची दोन्ही वृषणे हाताला लागत नसतील, तर ते बाळ प्रत्यक्षात दोन एक्स गुणसूत्रांची मुलगी असू शकते. तिच्या मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींत जन्मजात दोष असतो. त्यामुळे पुरुषी संप्रेरके जास्त तयार होऊन बाह्य अवयव मुलासारखे दिसतात. या दोषात शरीरातले मीठ टिकत नाही आणि पहिल्या काही आठवड्यांतच उलट्या, शुष्कता, जिवावर बेतणारा अशक्तपणा येऊ शकतो. अशा बाळाच्या रक्ताच्या आणि गुणसूत्रांच्या तपासण्या रुग्णालयातून घरी जाण्याआधीच व्हायला हव्यात. मूत्रद्वार खाली असणे आणि वृषण न लागणे हे दोन्ही एकत्र असले, तरी अशीच तत्परता लागते.

वेळेत शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे पुढे काय होते? एकाच बाजूचे वृषण वर होते, अशा पुरुषांपैकी सुमारे ९० टक्क्यांना मुले होतात. हे प्रमाण इतर पुरुषांच्या जवळपास तेवढेच आहे. दोन्ही बाजूंच्या बाबतीत ते ६५ टक्क्यांच्या आसपास उतरते. दुसरा प्रश्न कर्करोगाचा. स्वीडनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या जवळपास १७,००० पुरुषांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेरा वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये वृषणाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वसामान्यांच्या सुमारे दुप्पट होते, त्यानंतर झालेल्यांमध्ये पाचपटीहून अधिक. हा रोग मुळातच विरळ असल्याने दुप्पट जोखीम असूनही बहुसंख्य पुरुषांना तो कधीच होत नाही. पण वृषण अंडकोशात असले, तर गाठ बोटांना लवकर लागते. पोटात असले तर लागत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाने वयात आल्यावर महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी स्वतः तपासावे, हे त्याला मोकळेपणाने शिकवायला हवे.

जन्माच्या वेळी नीट उतरलेले वृषणही नंतर वर जाऊ शकते. मूल वाढते तसा वृषणाचा दोर पहिल्या दहा वर्षांत जवळपास दुप्पट लांब व्हावा लागतो. जुन्या पिशवीचा तंतुमय अवशेष त्याला धरून राहिला, तर दोर वाढत नाही आणि पाच-सात वर्षांच्या मुलाची पिशवी एका बाजूने रिकामी दिसू लागते. त्यालाही शस्त्रक्रियाच लागते.

म्हणून मुलाच्या दोन्ही गोट्या पिशवीत आहेत का, हे जन्माच्या वेळी, साडेतीन आणि नऊ महिन्यांच्या लशीच्या वेळी आणि पुन्हा शाळेत घालताना डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. सुधारित वयाचे सहा महिने झाल्यावरही एक बाजू रिकामी असेल, तर ‘मोठा झाल्यावर उतरेल’ असे कोणीही म्हटले तरी वाट न पाहता बालशल्यचिकित्सकाची भेट घ्यावी. दोन्ही बाजू रिकाम्या असतील, तर त्याच आठवड्यात.